धागा: बिनजाहिरातीवाले प्रीमियम प्रेक्षक व्ह्यूज आणि वॉच टाइममध्ये धरतात की नाही?

निफाडची_बाग
मंडळी, द्राक्षबागेवरचं चॅनल आहे. गोडी छाटणी आणि नंतरची पेस्ट यावरचा १८ मिनिटांचा व्हिडिओ आहे, त्याचे २८ दिवसांचे आकडे देतो. व्ह्यूज २४,६००. वॉच टाइम २,०५० तास. आणि Estimated monetized playbacks फक्त ११,०७०.

म्हणजे साडेतेरा हजार व्ह्यूजवर एकही जाहिरात नाही. आमच्याकडची तरुण पोरं हल्ली महिन्याला पैसे भरून प्रीमियम घेतात, त्यांना जाहिरात दिसत नाही हे कळतं. प्रश्न असा आहे की या लोकांचं बघणं यूट्यूब धरतं का? की व्ह्यूमध्ये धरतं आणि वॉच टाइममध्ये नाही? पिंपळगावच्या एका चॅनलवाल्याने सांगितलं की प्रीमियमवाला बघतो तेव्हा चॅनलच्या हाती भोपळा येतो.

---

कॉलेजरोड_कट्टा
पिंपळगावचे भाऊ बरोबर आहेत. जाहिरात नाही तर पैसा नाही, सरळ हिशोब. व्ह्यू मोजत असतील, पण तो नुसता आकडा. तुमचे साडेतेरा हजार प्रीमियमवाले आहेत असं धरून चाला.

---

मृणाल_सिडको
साडेतेरा हजार प्रीमियमवाले? २४,६०० पैकी? निफाड तालुक्यात निम्म्याहून जास्त लोक महिन्याला पैसे भरून छाटणी बघतायत, असं झालं ते. दादा, हे आकडे एकदा ताळ्यावर तपासा.

आधी मूळ प्रश्नाचं उत्तर. प्रीमियम सदस्याचं बघणं व्ह्यूमध्येही धरतात आणि वॉच टाइममध्येही, अगदी बाकीच्यांसारखंच. व्ह्यूचा जाहिरातीशी संबंधच नाही. जाहिरात लागली की नाही याची नोंद वेगळी होते, माणसाने व्हिडिओ पाहिला की नाही याची वेगळी. व्हिडिओखाली दिसणारा आकडा, स्टुडिओतला Views, Watch time (hours), Average view duration, रिटेन्शनचा आलेख, सगळ्यांत प्रीमियमवाले आहेतच.

ते नाहीत फक्त एका ठिकाणी, आणि नेमका तोच आकडा तुम्ही पकडून बसलात. Estimated monetized playbacks मध्ये तेच प्ले येतात ज्यांत निदान एक जाहिरात दाखवली गेली, किंवा सुरुवातीची जाहिरात चालू असतानाच माणूस निघून गेला. प्रीमियमवाल्याला यूट्यूबची जाहिरात लागतच नाही, त्यामुळे तो त्यात कधीच येणार नाही. पण उलटं खरं नाही. त्यात न आलेला प्रत्येक जण प्रीमियमवाला नसतो.

---

कॉलेजरोड_कट्टा
मग बाकीचे कोण, भुतं?

---

मृणाल_सिडको
साधी माणसं, ज्यांना त्या वेळी जाहिरात लागली नाही. दर वेळी व्हिडिओ उघडला की जाहिरात येते असं कुठे आहे? त्या क्षणी त्या प्रेक्षकासाठी कुठल्या जाहिरातदाराने बोलीच लावली नसेल. नुकतीच आधीच्या व्हिडिओवर जाहिरात दाखवून झाली असेल. व्हिडिओवर पिवळं चिन्ह असेल तर जाहिराती मुळातच कमी लागतात. काहींकडे अ‍ॅड ब्लॉकर असतो. दहा सेकंद बघून मागे गेलेलेही असतात.

अंदाज कशाला, आकडा थेट मिळतो. संगणकावर स्टुडिओ उघडा, तो व्हिडिओ निवडून Analytics मध्ये जा, उजवीकडे वर Advanced mode आहे. तिथे मेट्रिकच्या यादीत Premium नावाने सुरू होणारे किंवा त्यात Premium असलेले आकडे शोधा. व्ह्यूजचा एक, वॉच टाइमचा एक आणि उत्पन्नाचा एक मिळेल. तारखा त्याच २८ दिवसांच्या ठेवा, नाहीतर तुलना फसेल. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये हे शोधत बसू नका, तिथे सगळे मेट्रिक नाहीत.

---

ओझरकर
माझा वेगळाच अनुभव. मी प्रीमियमचे पैसे भरतो तरी जाहिराती दिसतात. परवा एका शेतीच्या चॅनलवर मध्येच दोन मिनिटं नर्सरीची जाहिरात. पुढेही ढकलावी लागली हाताने. मग पैसे कशाचे घेतात?

---

पंचवटीकर
ओझरकर, ती यूट्यूबची जाहिरात नाही, व्हिडिओवाल्याने स्वतः व्हिडिओत बोलून घातलेली आहे. त्याने नर्सरीवाल्याकडून परस्पर पैसे घेतलेत. प्रीमियमने जातात त्या यूट्यूबने लावलेल्या जाहिराती. व्हिडिओच्या पोटातली जाहिरात सगळ्यांना दिसते.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी हे वाटतं तितकं असंबद्ध नाही. उद्या एखादा औषधवाला तुम्हाला विचारेल की तुमच्या व्ह्यूजपैकी माझी जाहिरात किती जण बघणार. तेव्हा त्याला पूर्ण Views दाखवायचे, प्रीमियमवाल्यांसकट. Monetized playbacks दाखवून स्वतःचा भाव निम्मा करून घेऊ नका.

---

निफाडची_बाग
मृणालताई, सांगितलं तसं केलं. सापडलं. प्रीमियमचे व्ह्यूज १,४७६. प्रीमियमचा वॉच टाइम १८४.५ तास. प्रीमियमचं उत्पन्न १२३ रुपये. जाहिरातीचं उत्पन्न १,१०७ रुपये. म्हणजे भोपळा नाही, १२३ रुपये तरी आहेत! पण हे १२३ कशाचे?

---

मृणाल_सिडको
छान. आता तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडते, कारण यात गंमत आहे.

२४,६०० पैकी ११,०७० वर जाहिरात लागली, म्हणजे ४५ टक्के. उरले १३,५३०. त्यातले प्रीमियमवाले १,४७६, एकूण व्ह्यूजच्या ६ टक्के. ते वजा केले तरी १२,०५४ प्ले उरतात ज्यांवर जाहिरात लागली नाही आणि जे प्रीमियमही नाहीत. तुमचं खिंडार इथे आहे. प्रीमियमवाल्यांना दोष देत बसलो तर खरं कारण नजरेआड होतं.

आता वॉच टाइम. सगळे मिळून २,०५० तास भागिले २४,६००, म्हणजे सरासरी ५ मिनिटं. प्रीमियमवाले १८४.५ तास भागिले १,४७६, म्हणजे साडेसात मिनिटं. व्ह्यूमध्ये ते ६ टक्के, पण तासांत ९ टक्के. यावरून प्रीमियमवाले नेहमी जास्त बघतात असा नियम काढू नका, हा तुमच्या एका व्हिडिओचा आकडा आहे. पण ते वॉच टाइममध्ये धरले जातात की नाही या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पडद्यावर आहे.

आणि १२३ रुपये. प्रीमियमच्या वर्गणीतून जी निव्वळ रक्कम चॅनलवाल्यांना वाटायला ठेवतात, ती सदस्यांनी कोणाचं किती बघितलं यावर वाटतात. नेहमीच्या लांब व्हिडिओसाठी चॅनलवाल्यांचा वाटा ५५ टक्के, जाहिरातीत असतो तितकाच. शॉर्ट्ससाठी ४५. म्हणून प्रीमियमवाल्याच्या बाबतीत त्याने किती वेळ बघितलं याला वजन आहे, किती जाहिराती बघितल्या याला नाही.

---

कॉलेजरोड_कट्टा
ठीक आहे, भोपळा मागे घेतो. पण एक सांगतो, प्रीमियममुळे RPM पडतो. व्ह्यू वाढतात, जाहिरात वाढत नाही. भागाकार केला की कमी येणारच.

---

मृणाल_सिडको
अर्धं बरोबर. RPM च्या छेदात प्रीमियमचे व्ह्यू आहेत हे खरं. पण अंशात प्रीमियमचे पैसेही आहेत, ते तुम्ही सोडलेत.

दादांचाच आकडा घ्या. १,१०७ आणि १२३ मिळून १,२३० रुपये. भागिले २४.६. दर हजार व्ह्यूजला बरोबर ५० रुपये. आता प्रीमियमवाले बाजूला काढा, दोन्हीकडून. १,१०७ भागिले २३.१२४ म्हणजे ४७.८७ रुपये. म्हणजे या व्हिडिओत प्रीमियमवाल्यांनी RPM दोन रुपयांनी वर नेला. प्रीमियमचा वेगळा काढला तर १२३ भागिले १.४७६, सुमारे ८३ रुपये.

उलटही होऊ शकतं. डिसेंबरसारख्या महिन्यात जाहिरातीचे भाव तेजीत असतील, किंवा प्रीमियमवाले दोन मिनिटांत निघून जात असतील, तर ते RPM खाली खेचतील. नियम नाही, दर महिन्याला मोजायचं.

---

पंचवटीकर
यात एक खड्डा आहे, बरेच जण त्यात पडतात म्हणून लिहितो. स्टुडिओत Playback-based CPM असाही एक आकडा दिसतो. तो फक्त जाहिरात लागलेल्या प्लेवर काढलेला असतो, आणि यूट्यूबचा वाटा कापण्याआधीचा. प्रीमियम त्यात औषधालाही नाही. दादांच्या बाबतीत १,१०७ ही ५५ टक्के रक्कम आहे असं धरलं तर मूळ रक्कम साधारण २,०१३ होते, भागिले ११.०७, म्हणजे १८२ रुपयांच्या आसपास. एकीकडे १८२ आणि दुसरीकडे RPM ५०. हे बघून माणसाला वाटतं, मधले १३२ रुपये कोणी खाल्ले? कोणी खाल्ले नाहीत. एक यूट्यूबच्या वाट्याआधीचा आणि फक्त जाहिरातवाल्या प्लेवर, दुसरा वाट्यानंतरचा आणि सगळ्या व्ह्यूजवर. दोन वेगळ्या मापांनी धान्य मोजून पोतं कमी भरलं म्हणायचं, तसं ते.

---

निफाडची_बाग
पंचवटीकर, बरोबर! १८० च्या वर काहीतरी दिसतंच होतं, आणि तेच बघून माझं डोकं फिरलं होतं.

अजून एक. धागा टाकायच्या आधी मी परीक्षा घेतली होती. मुलाच्या फोनवर प्रीमियम आहे. त्याच्या फोनवरून तोच व्हिडिओ वीस वेळा लावला. आकडा चारच्या आसपास वाढला. म्हणूनच वाटलं की प्रीमियमचं धरत नाहीत.

---

मृणाल_सिडको
ती परीक्षा प्रीमियमची झालीच नाही, एकाच माणसाने पुन्हा पुन्हा लावल्याची झाली. एकाच खात्यावरून, एकाच फोनवरून लागोपाठ वीस वेळा लावलं की यूट्यूब ते खरं बघणं मानत नाही आणि गाळतं. बिनप्रीमियमच्या फोनवरून केलं असतं तरी तेच झालं असतं. शिवाय व्हिडिओखालचा आकडा, रिअलटाइम आणि अ‍ॅनालिटिक्स एकाच वेगाने हलत नाहीत. तासाभरात तपासलं तर फरक दिसणारच.

आणि कृपा करून घरचे फोन लावून व्हिडिओ फिरवत ठेवू नका. खोट्या व्ह्यूजचा संशय आला तर आधी आकडे गाळतात, आणि प्रकार चालू राहिला तर चॅनलच्या कमाईवर येतं.

---

अंबड_लिंक
मधेच बोलतो. प्रीमियमचं ठीक, पण ज्यांनी ब्राउझरमध्ये अ‍ॅड ब्लॉकर टाकलाय त्यांचं काय? मला तर दोन्ही एकच वाटतं. जाहिरात दोघांनाही दिसत नाही.

---

पंचवटीकर
बघणाऱ्याला एकच वाटतं, मोजणाऱ्याला नाही. प्रीमियमवाला यूट्यूबला ओळखीचा असतो. कोण, किती वेळ, कुठला व्हिडिओ, सगळी नोंद होते आणि त्या नोंदीवर चॅनलला पैसे मिळतात. अ‍ॅड ब्लॉकरवाल्याकडून जाहिरातीचा पैसा शून्य, वर्गणीचाही शून्य.

आणि व्ह्यू मोजण्यातही गडबड होऊ शकते. २०२५ च्या ऑगस्टपासून बऱ्याच मोठ्या चॅनलांचे संगणकावरचे व्ह्यूज अचानक पडले होते. लाइक आणि कमाई मात्र साधारण जागेवर. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने जी कारणं सांगितली त्यांत एक होतं की अ‍ॅड ब्लॉकर आणि तसली साधनं वापरणाऱ्यांमुळे व्ह्यूजची नोंद चुकू शकते. ब्लॉकरच्या यादीत नोंद पाठवणारा पत्ताच अडवला गेला की व्हिडिओ चालतो, पण तो चालल्याचा निरोप पोचत नाही. कमाई का पडली नाही? कारण त्या लोकांना आधीही जाहिरात दिसत नव्हती.

तेव्हा "बिनजाहिरातीचा प्रेक्षक मोजत नाहीत" ही जी कुजबुज आहे, तिचा उगम बहुधा इथे आहे. ब्लॉकरवाल्यांचं खरं ते प्रीमियमवाल्यांच्या माथी मारलं गेलं.

---

अंबड_लिंक
मग संगणकावरचे व्ह्यू पडलेत की प्रीमियमचे, हे ओळखायचं कसं?

---

पंचवटीकर
Advanced mode मध्येच Device type चा तक्ता असतो. पडझडीच्या आधीचे आणि नंतरचे चार आठवडे समोरासमोर ठेवा. फक्त Computer ची ओळ खचली असेल आणि Mobile phone जागेवर असेल, तर ब्लॉकरचा संशय घ्या. द्राक्षाच्या चॅनलला याचा फारसा फटका बसू नये, कारण बागेत लॅपटॉप घेऊन कोण जातं.

---

देवळाली_लाइव्ह
मी थोडा वेगळ्या बाजूने. माझ्या चॅनलवर गंगेवरची आरती लाइव्ह असते. कमाई अजून सुरू नाही. १,००० सबस्क्राइबर कधीच झाले, ४,००० तासांत अडकलोय. मागच्या महिन्यात ३,६०० होते, या महिन्यात ३,३५० दाखवतंय! माझे बरेच प्रेक्षक परदेशातले, नातेवाईक मंडळी, बहुतेक प्रीमियमवाले. म्हणजे त्यांचे तास कापले ना?

---

मृणाल_सिडको
नाही, प्रीमियमवाल्यांचे तास त्या ४,००० मध्ये धरतात. कापले जातात ते दुसऱ्या कारणांनी. तुमच्याबाबतीत दोन प्रश्न. जुनी लाइव्ह संपल्यावर खासगी करून टाकता का? आणि वर्षभरापूर्वी कुठला मोठा सोहळा लाइव्ह केला होता का?

---

देवळाली_लाइव्ह
हो, आवाज खराब आला की ते लाइव्ह खासगी करतो. आणि हो, मागच्या वर्षी याच सुमाराला एक लाइव्ह खूप चाललं होतं.

---

मृणाल_सिडको
मग दोन्ही कारणं सापडली. तो हिशोब मागच्या ३६५ दिवसांतल्या सार्वजनिक व्हिडिओंच्या तासांचा आहे. व्हिडिओ खासगी केला, अनलिस्टेड केला किंवा डिलीट केला की त्याचे तास या हिशोबातून जातात, बघितलेले असले तरी. आणि वर्ष उलटलं की जुन्या दिवसाचे तास मागून गळत जातात, मागच्या वर्षीचं ते मोठं लाइव्ह आता खिडकीबाहेर चाललंय. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेले तासही यात नाहीत, आणि पैसे देऊन प्रचार म्हणून चालवलेल्या व्हिडिओचे तासही नाहीत.

म्हणून Earn च्या पानावरचे तास आणि अ‍ॅनालिटिक्समधले तास जुळत नाहीत. अ‍ॅनालिटिक्समध्ये सगळं येतं, Earn मध्ये गाळून. आवाज खराब असेल तर लाइव्ह खासगी करण्याऐवजी स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापा. व्हिडिओ सार्वजनिक राहील आणि तासही.

३,००० तास झालेच आहेत, तर ५०० सबस्क्राइबरची पहिली पायरी बघितली का? ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ लागतात, ते तुमचे आहेतच. सदस्यत्व, सुपर चॅट वगैरे त्यात उघडतं. जाहिरातीचा आणि प्रीमियमचा वाटा मात्र ४,००० नंतरच. म्हणजे आत्ता तुमचे परदेशातले काका प्रीमियमवर आरती बघतात, तर तास मोजले जातात, पैसे नाही.

---

देवळाली_लाइव्ह
अरेच्चा. सहा लाइव्ह खासगी केलेत. आज परत सार्वजनिक करतो.

---

पंचवटीकर
करा, पण Earn मधला आकडा लगेच हलला नाही तर घाबरू नका, त्याला वेळ लागतो. आणि ज्या लाइव्हमध्ये मागे स्पीकरवर सिनेमाची गाणी वाजत होती ती आधी तपासा. कॉपीराइटचा दावा आला तर वेगळंच लचांड.

---

गोदातीर
दोन शंका. एक, प्रीमियमवाला स्क्रीन बंद करून नुसतं ऐकतो, तो वॉच टाइम धरतात का? बघत तर नाही ना तो. दोन, आमच्या वाडीत शेतात नेट नसतं, लोक व्हिडिओ डाउनलोड करून नेतात. त्याचं काय?

---

कॉलेजरोड_कट्टा
स्क्रीन बंद म्हणजे नाही धरत. "वॉच" टाइम आहे तो.

---

मृणाल_सिडको
कट्टा, आज तुमचा दिवस नाही. स्क्रीन बंद असतानाचं ऐकणंही वॉच टाइममध्ये धरतात, आणि प्रीमियमच्या पैशाच्या वाटपातही. छाटणीचा व्हिडिओ स्क्रीन बंद करून कोणी ऐकेल असं नाही, पण कीर्तन, आरती, मुलाखत असल्या चॅनलांना याचा चांगला फायदा होतो.

डाउनलोडचंही तसंच. नेट नसताना पाहिलं तरी फोन पुन्हा नेटवर आला की नोंद वर जाते. म्हणूनच शेतातले व्ह्यू उशिराने उतरतात. प्रीमियमच्या डाउनलोडसाठी फोन ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावा लागतो, नाहीतर डाउनलोड चालत नाही.

पण आपल्याकडे एक गुंता आहे. भारतात प्रीमियम नसलेल्यांनाही बरेच व्हिडिओ डाउनलोड करता येतात, ठरावीक मुदतीपुरते. तेव्हा "डाउनलोड करून बघतो म्हणजे प्रीमियमवाला" असं समजू नका. तुमच्या वाडीतले बहुतेक जण हे फुकटवाले असतील. त्यांचा व्ह्यू आणि वेळ धरतात, पण प्रीमियमच्या रकान्यात ते दिसणार नाहीत.

---

ओझरकर
८९ रुपयांची स्वस्तातली प्रीमियम लाइट आली ना भारतात, तिचं काय? ती माझ्या भाच्याकडे आहे.

---

पंचवटीकर
व्ह्यू आणि वॉच टाइम तसेच धरतात. फरक असा की लाइटमध्ये बहुतेक व्हिडिओंवर जाहिरात नसते, पण शॉर्ट्स आणि संगीतावर असते. तेव्हा तोच भाचा शेतीचा व्हिडिओ बघताना जाहिरातीच्या हिशोबात नसेल, आणि आरतीचं गाणं किंवा शॉर्ट बघताना असेल.

---

निफाडची_बाग
माझा मूळ प्रश्न सुटला. पण ते १२,०५४ राहिलेच. प्रीमियमवाले नाहीत, जाहिरातही नाही. त्याचं काय करू?

---

मृणाल_सिडको
तिथे तीन गोष्टी बघा. व्हिडिओवरचं चिन्ह हिरवं आहे की पिवळं. छाटणीनंतरच्या पेस्टबद्दल बोलताना औषधाची नावं, मिश्रण, विषबाधेची खबरदारी असं बोललं जातं, त्यामुळे पिवळं लागू शकतं. लागलं तर Request review करा, माणूस तपासतो. पिवळं असतानाही प्रीमियमचा वाटा मिळतो हे लक्षात ठेवा, तो जाहिरातदारांच्या आवडीनिवडीवर नसतो.

दुसरं, मधल्या जाहिराती. तुमचा व्हिडिओ १८ मिनिटांचा आहे, ८ मिनिटांच्या वर असल्यामुळे मध्ये जाहिराती लावता येतात. पण सरासरी बघणं ५ मिनिटं. पहिली जाहिरात सातव्या मिनिटाला असेल तर निम्मे तोवर गेलेले. तीन-चार मिनिटांवर एखादी नैसर्गिक थांबायची जागा आहे का ते बघा. याने monetized playbacks थोडे वाढतील, कारण सुरुवातीला जाहिरात न लागलेल्याला मध्ये लागू शकते. आणि प्रीमियमवाल्यांवर काहीच परिणाम नाही.

तिसरं, Traffic source मध्ये External बघा. शेतकऱ्यांच्या एखाद्या वेबसाइटवर व्हिडिओ एम्बेड केलेला असेल तर तिथे जाहिराती कमी लागतात. बाकी जे उरेल ते बाजारातली मागणी. मराठीत द्राक्षाच्या छाटणीवर बोली लावणारे जाहिरातदार मुळात किती आहेत?

---

अंबड_लिंक
प्रीमियम आणि बाकीचे दर दिवशी वेगळे हवे असतील तर स्टुडिओत क्लिक करत बसण्यापेक्षा यूट्यूब अ‍ॅनालिटिक्स एपीआयने काढा. प्रीमियमचं जुनं नाव रेड होतं, २०१८ मध्ये बदललं, पण एपीआयमध्ये अजून तेच चालू आहे. म्हणून मेट्रिकच्या नावांत premium शोधलं तर सापडत नाही.

```
ids=channel==MINE
startDate=2025-10-01
endDate=2025-10-28
dimensions=day
metrics=views,redViews,estimatedMinutesWatched,estimatedRedMinutesWatched
filters=video==VIDEO_ID
```

views मध्ये redViews आधीच मिसळलेले आहेत. दोन्हींची बेरीज करू नका, वजाबाकी करा. मिनिटांचंही तसंच, तासांसाठी ६० ने भागा.

---

निफाडची_बाग
चिन्ह बघितलं. पिवळं! आणि पहिली मधली जाहिरात नऊ मिनिटांवर होती. Review टाकला, जाहिरात साडेतीन मिनिटांवर आणली, जिथे कात्रीची धार दाखवून झाल्यावर मी पाणी प्यायला थांबतो.

---

गोदातीर
माझी एक शंका उरली. शेतात डाउनलोड करून सोमवारी बघितलं, नेट आलं शुक्रवारी. मग व्ह्यू सोमवारच्या तारखेला लागतो की शुक्रवारच्या?

---

पंचवटीकर
माझ्या मते शुक्रवारच्या, निरोप पोचतो तेव्हा.

---

अंबड_लिंक
मला तसं वाटत नाही. मागच्या आठवड्याचे आकडे नंतर हलताना पाहिलेत. निरोपासोबत बघितल्याची वेळ जात असणार.

---

मृणाल_सिडको
आकडे हलण्याला गाळणीही कारणीभूत असते, तेवढ्यावरून ठरत नाही. अनलिस्टेड व्हिडिओवर करून बघता येईल. नवा व्हिडिओ टाकायचा, एकाच प्रीमियम फोनवर डाउनलोड करायचा, फोन फ्लाइट मोडवर टाकून सोमवारी पूर्ण बघायचा आणि शुक्रवारी नेट सुरू करायचं. दुसऱ्या कोणी लिंक उघडायची नाही. तीन दिवसांनी वरची क्वेरी, तारखा आणि व्हिडिओचा आयडी बदलून, चालवायची आणि redViews कुठल्या तारखेला आला ते बघायचं. गोदातीर, फोन तुमचा, वाडी तुमची. करता का?

---

गोदातीर
करतो. येत्या सोमवारी बघतो, आकडा इथेच टाकेन.